सांधे बरे झाले म्हणून पेनिसिलिन थांबवू नका

फिरत असलेला मेसेज: “घशाच्या दुखण्याचा हृदयाशी काही संबंध नसतो. सांधे बरे झाले की आजार संपला. त्यानंतर वर्षानुवर्षे दर २१ दिवसांनी पेनिसिलिन टोचणे हा निव्वळ धंदा आहे. या इंजेक्शनने मुले दगावतात, प्रतिकारशक्ती संपते. बंद करा. हळद-मिठाच्या गुळण्या पुरेशा आहेत.”

हा मेसेज रुमॅटिक फीवरबद्दल आहे, म्हणजे घशाच्या संसर्गानंतर सांध्यांवर आणि हृदयावर येणाऱ्या तापाबद्दल. तो वाचून माझ्या मावसबहिणीने मुलीचं इंजेक्शन चुकवलं. मी नर्स आहे, वॉर्डात हे इंजेक्शन मी स्वतः देते, त्यामुळे गप्प बसवत नाही.

सगळ्यात घातक वाक्य सांध्यांचं आहे. भाची अकरा वर्षांची असताना पावसाळ्यात तिचा घसा धरला, ताप आला आणि चार दिवसांत उतरला. तीन आठवड्यांनी गुडघा सुजला. तो ओसरतोय तोवर घोटा, मग मनगट. गोळ्यांनी दुखणं थांबलं, आणि मेसेज लिहिणाऱ्याच्या हिशोबाने आजार तिथेच संपला. पण इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, तिच्या हृदयाची डावीकडची झडप, म्हणजे मायट्रल, थोडी गळत होती. तिला ना धाप लागत होती, ना छातीत दुखत होतं.

घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूचे काही भाग आपल्या हृदयातल्या प्रथिनांसारखे असतात. जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती म्हणून झडपेवरही हल्ला करते. सांध्यांची सूज खुणा न ठेवता जाते, झडपेवर मात्र व्रण राहू शकतो. पुन्हा तसाच घसा धरला की रुमॅटिक फीवर उलटतो आणि व्रणावर व्रण चढतो. झडपेच्या पाकळ्या जाड होतात, कडांना चिकटतात. चार ते सहा चौरस सेंटिमीटरचं तोंड दीडच्या खाली आलं की रक्त फुप्फुसांत तुंबायला लागतं. याला बहुधा वर्षं लागतात. कित्येक बायकांना हे पहिल्यांदा कळतं ते गरोदरपणात, अंगातलं रक्त वाढल्यावर, पाचव्या-सहाव्या महिन्यात रात्री आडवं झोपवत नाही तेव्हा. तोवर घसा कधी दुखला होता हे कुणाला आठवत नाही. म्हणून ‘संबंध नाही’ म्हणणं सोपं जातं.

इंजेक्शन झालेला व्रण पुसत नाही, पुढचा हल्ला अडवतं. हलकी गळती असेल आणि हल्ले थांबले, तर ती पुष्कळदा कमी होते, कधी जातेही. युगांडात इकोमध्ये सुरुवातीचा बिघाड दिसलेल्या ८०० हून अधिक मुलांवर चाचणी झाली, २०२१ मध्ये तिचे निष्कर्ष आले. दोन वर्षांत इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ३ मुलांचा बिघाड वाढला, न घेणाऱ्यांपैकी ३३ मुलांचा. दोन्ही गट जवळपास सारख्याच आकाराचे होते. धंदा म्हणणाऱ्याने याचं उत्तर द्यावं.

२१ दिवस का, तर बेंझाथिन पेनिसिलिन स्नायूत साठून हळूहळू झिरपतं आणि चौथ्या आठवड्यात रक्तातलं प्रमाण अपुरं पडू लागतं. भाचीला हृदयाची हलकी इजा आहे, म्हणून शेवटच्या हल्ल्यापासून दहा वर्षं किंवा वयाच्या पंचविशीपर्यंत, यातलं जे लांब ते. म्हणजे तिला पंचवीसपर्यंत. इजाच नसती तर पाच वर्षं किंवा अठरापर्यंत. झडप फार बिघडलेली असेल तर चाळिशीपर्यंत, कधी जन्मभर.

एक गोष्ट मान्य करावी लागते. नुसतं रक्तात एएसओ वाढलेलं दिसलं म्हणून वर्षानुवर्षे इंजेक्शन घेणारी मुलं मी पाहिली आहेत. एएसओ एवढंच सांगतं की जंतू येऊन गेला. ताप, सांधे, इको यांची तपासणी न करता त्यावर पेनिसिलिन लावणं चूकच.

मृत्यूंचं म्हणाल तर तीव्र ॲलर्जी होऊ शकते, पण ती फार विरळ आहे. त्यासाठी आधी विचारपूस होते, नंतर अर्धा तास बसवून ठेवतात आणि ॲड्रेनलिन हाताशी असतं. झडप अतिशय अरुंद असलेल्या किंवा हृदय दमलेल्या रुग्णाला मात्र वेदनेने आणि भीतीने रक्तदाब एकदम पडून धोका होऊ शकतो. अशांना डॉक्टर रोज दोनदा घ्यायच्या पेनिसिलिनच्या गोळ्या देतात. औषध बदलतं, बंद होत नाही. इंजेक्शन दुखतं, हे खरंच आहे. औषध दुधासारखं दाट, सुई तुंबते, घाई केली की मूल किंचाळतं. कुपी खोलीच्या तापमानाला आणून दोन-तीन मिनिटं घेत सावकाश दिलं, डॉक्टरांच्या सांगण्याने त्यात थोडं बधिर करणारं लिग्नोकेन मिसळलं, तर बराच फरक पडतो.

प्रतिकारशक्ती पेनिसिलिनने संपत नाही. गुळण्यांनी घशाला आराम पडतो, जंतू मरत नाही.

तारीख चुकलीच असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. आजच घ्या आणि पुढचे २१ दिवस आजपासून मोजा. मधल्या काळात घसा दुखून ताप आला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.