प्रमाणपत्र भिंतीवर, माणूस घरात

प्रथमोपचाराच्या आणि फायर वॉर्डनच्या सर्टिफिकेटची मुदत संपत आली म्हणून झोप उडालेल्या समस्त मालक, मॅनेजर आणि एचआर मंडळींनो, काळजी सोडा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत इतकी वर्षं काढून जी अक्कल आली, ती फुकटात देतो.

सगळ्यात आधी, सर्टिफिकेटला फ्रेम करा. काच थोडी मळकी असली तर बरं, तारीख लांबून दिसत नाही.

सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचं प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र 3 वर्षं चालतं. माझं मार्चमध्ये संपलं. नूतनीकरण म्हणजे फक्त फी भरून नवीन शिक्का, असा माझा समज होता. तसं नसतं हो! पुन्हा वर्गात बसायचं, पुतळ्याची छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबायची, मग परीक्षा द्यायची. आमच्या साहेबांना हा वेळेचा अपव्यय वाटला. त्यांनी एका एजंटला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर पीडीएफ हजर. माझं आडनाव चुकलेलं, मुदत मात्र पुढच्या 3 वर्षांची. मी कुठे गेलो नाही, काही शिकलो नाही, पण पास झालो. अशी सोय असताना वर्गात कोण बसतंय?

फायर वॉर्डनचं तर याहून सोपं. त्या कागदाला एक ठरलेली सरकारी मुदत नाही. संस्था छापेल ती तारीख, कुणी एक वर्ष, कुणी दोन. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या फॅक्टरी कायद्यातलं कलम 38 वॉर्डनच्या कार्डाबद्दल बोलतच नव्हतं. आग लागली तर बाहेर कसं पडायचं आणि काय करायचं, हे सगळ्या कामगारांना शिकवा म्हणायचं. सगळ्यांना! एवढ्या पोरांना शिकवायचं म्हणजे उत्पादन थांबलं की. त्यापेक्षा दोघांना पिवळी जॅकेटं घाला, अंगणात डब्यात कागद पेटवून आग विझवायचा सिलेंडर फुसकन मारा आणि फोटो काढा. वितळलेल्या लोखंडावर पाणी पडलं तर क्षणात वाफ होऊन रस चौफेर उडतो, तिथं कोरडी वाळू लागते, असल्या किरकोळ गोष्टी त्या फोटोत कशाला?

आता प्रथमोपचाराच्या पेटीचा हिशोब. त्याच कायद्याच्या कलम 45 प्रमाणे 150 कामगारांमागे किमान एक पेटी लागायची. आमच्याकडे 140 माणसं, म्हणजे एक पेटी, एक सर्टिफिकेटवाला. गणित चोख! पण त्याच कलमात पुढं लिहिलं होतं की पेटी सांभाळणारा प्रशिक्षित माणूस कामाच्या वेळेत कायम हजर हवा. कारखाना तीन शिफ्टमध्ये चालतो आणि मी जनरल शिफ्टला, संध्याकाळी साडेपाचला घरी. म्हणजे रात्री दोन वाजता पेटीजवळ फक्त माझी फ्रेम.

आणि रात्री दोनलाच ते झालं. रस ओतायची लॅडल हलली, रसाचा थेंब एका पोराच्या बुटात शिरला. पोरगं खानापूरकडचं, कामावर येऊन जेमतेम चार महिने. पेटीला कुलूप आणि किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. कुणी टूथपेस्ट आणली, कुणी हळद. नळ वीस पावलांवर होता. त्याला भट्टीपासून लांब नेऊन, बूट-मोजा काढून, चिकटलेलं असेल ते न ओढता, पाय वीस मिनिटं नळाखाली धरायचा, एवढंच काम होतं. मग स्वच्छ कापड सैल झाकून दवाखाना. पाणी कुणी घातलं नाही, कारण 'फाउंड्रीत पाणी नको' हे सगळ्यांना पाठ होतं, ते कशावर नको हे कुणी सांगितलं नव्हतं. बूट तर तसाच होता. मी सकाळी आलो तेव्हा जखमेवरची पेस्ट वाळून पांढरी पडली होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पहिलं काय विचारलं? "तुमचं सर्टिफिकेट व्हॅलिड आहे ना?"

अहो, आहे ना! तीन वर्षांसाठी व्हॅलिड! पोराच्या पायाची कातडी तेवढी व्हॅलिड राहिली नाही.

उपरोध पुरे आता. एजंटचे जे काही हजार दिलेत, त्यात खऱ्या वर्गाला दोन-तीन माणसं तरी बसली असती. प्रत्येक शिफ्टला एक तरी शिकलेला माणूस द्या, त्याच्या मुदतीच्या तीन महिने आधी नाव नोंदवा, आणि मध्ये दर सहा महिन्यांनी पुतळा आणून हात फिरवून घ्या, कारण छाती दाबायची सवय 3 वर्षं टिकत नाही, काही महिन्यांतच जाते. कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत छापलेली पत्रकं लावून मराठी पोरांना 'तुम्हाला सूचना दिली होती' म्हणू नका. आणि आजच्या आज ते पेटीचं कुलूप काढा. चोरीला जाऊ दे चार पट्ट्या!