बोहारीण बरी होती

२,५०० रुपये. आज दुपारी दारात उभ्या असलेल्या पोराला मी वरचे २,५०० रुपये मोजले. आणि तेही जुना फोन त्याच्या हातात देऊन! फोन माझा, पैसेही माझेच. डोंबिवलीच्या उन्हात आधीच डोकं तापलेलं असतं, त्यात हे.

शनिवारी रात्री साडेअकराला सेल संपायच्या भीतीने कार्टात फोन टाकला. किंमत २७,९९९. खाली हिरव्या अक्षरांत एक्स्चेंजवर 'अप टू' २२,००० ची सूट. हा 'अप टू' शब्द ज्याने शोधला त्याला माझ्या हातचा उपमा महिनाभर खायला घालायला हवा. साड्यांच्या दुकानात अप टू, गाद्यांच्या दुकानात अप टू. ते २२,००० कुणाला मिळतात, तर ज्याच्याकडे गेल्या वर्षीचा सगळ्यात महागडा फोन आहे आणि तोही खोक्यातून नुकताच काढल्यासारखा. असा फोन असलेला माणूस एक्स्चेंज कशाला करेल, तो साडेअकराला झोपलेला असेल.

तर *#06# दाबून आयएमईआय टाकला, आणि २२,००० चे झाले ६,४००. वर २,००० एक्स्चेंज बोनस. म्हणजे ८,४००. चार वर्षं वापरलेल्या फोनला वाईट नाही, म्हटलं. मग प्रश्न आले. फोन चालू होतो का? हो. काच फुटली आहे का? नाही. स्क्रीनवर डाग, रेषा, रंगात फरक? नाही. बॉडीला पोचे? नाही. धाडधाड 'नाही' दाबत गेले. एकीकडे सेलचं घड्याळ उलटं पळत होतं आणि दुसरीकडे हे विचारत होते, आपण आपल्या फोनकडे नीट बघितलं आहे का कधी!

आज पोरगा आला. सभ्य होता, हे सांगितलं पाहिजे. चप्पल बाहेर काढली, पाणी घेतलं. नवीन फोनचं खोकं टीपॉयवर ठेवलं, अगदी माझ्या नजरेसमोर. जुना मागितला. आता माझा शहाणपणा बघा: मी तो रात्री दोनपर्यंत जागून, गुगलचं खातं काढून, रिसेट करून, कापसाने पुसून ठेवलेला. खातं काढलं ते बरोबरच केलं, ते राहिलं तर फोन नुसता कुलूपबंद डबा, कुणीच घेत नाही. पण त्याची तपासणी चालू फोनवर होते. त्यामुळे परत भाषा निवडा, वायफाय जोडा, त्याचं अ‍ॅप टाका. वीस मिनिटं गेली. रिसेट करायचा तर त्याने सगळं बघितल्यावर, त्याच्यासमोर करायचा, हे कुणी सांगितलं असतं तर मी रात्री झोपले असते.

मग परीक्षा सुरू. स्क्रीनभर चौकटी येतात, सगळ्यांवर बोट फिरवा. माइकमध्ये बोला. मी "हॅलो" म्हणाले आणि नेमका शेजारच्यांनी मिक्सर लावला. नापास. परत. पास. कॅमेरे, व्हायब्रेशन, बटणं. मग कानाजवळ नेला की स्क्रीन विझते ना, तो सेन्सर. नापास. "मॅडम, टेम्पर्ड काढावी लागेल." काढली. सेन्सर पास झाला. पण त्या काचेखाली तीन वर्षं सुखाने झाकून राहिलेली कडेची कपची आता उजेडात आली. ती मात्र त्याने सोडली. "ही चालते," म्हणाला. मला वाटलं देवमाणूस आहे.

मग त्याने फोनचा ब्राइटनेस पूर्ण वर नेला आणि सगळी स्क्रीन पांढरी केली.

सोफ्यावर आई बसल्या होत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. त्या, मी आणि तो, तिघांनी एकाच वेळी बघितलं. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात एक फिकट, गुलाबीसर ठसा. वाहिनीचा लोगो! रोज संध्याकाळी सातपासून साडेनऊपर्यंत आई माझ्या फोनवर मालिका बघतात, कारण टीव्हीवर ह्यांना बातम्या लागतात. ओएलईडी स्क्रीनमध्ये प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि स्वतःच झिजतो. चार वर्षं एकाच जागी तेच चित्र जळत राहिलं की तिथले ठिपके बाकीच्यांआधी म्हातारे होतात. मला एरवी ते कधीच दिसलं नाही, कारण मी ब्राइटनेस कायम निम्म्यावर ठेवते, बॅटरी वाचावी म्हणून. कोरं करडं चित्र लावून, ब्राइटनेस पूर्ण करून अंधाऱ्या खोलीत बघितलं असतं तर शनिवारीच कळलं असतं. पण शनिवारी रात्री साडेअकराला स्वतःच्या फोनचं भूत कोण उठवायला जातं?

"आई, हे तुमचं," मी म्हणाले.

"मी काय लोगो बघत होते का? मी मालिका बघत होते," आई म्हणाल्या.

पोराने अ‍ॅपमध्ये 'डिस्प्ले शेड' दाबलं. मूळ किमतीतून १,६०० गेले. डाव्या कडेला पोचा, ५०० गेले. (ठाणे स्टेशनच्या जिन्यावर पडला होता, ते मला आठवतंय, मी 'नाही' दाबलं तेव्हाही आठवत होतं.) चार्जिंगची पिन सैल, ४०० गेले. ६,४०० चे राहिले ३,९००. बोनस तसाच, म्हणजे माझ्यावर उपकार. वरचे २,५०० आत्ता भरा, नाहीतर एक्स्चेंज रद्द.

मी भडकले. एवढुशा डागाचे १,६००? बोटाच्या नखाएवढा! त्याने शांतपणे सांगितलं आणि खरं तर तेवढंच एक वाक्य मला आजच्या दिवसात समजलं. "मॅडम, डाग लहान-मोठा नसतो. पुढे विकायचा तर त्यांना पूर्ण डिस्प्ले बदलावा लागतो." फोनमधला सगळ्यात महाग भाग तोच. म्हणून त्यांच्या यादीत 'थोडासा डाग' हा प्रकारच नाही. आहे किंवा नाही. मी घरात बसून दिलेली उत्तरं ही एक यादी, आणि दारात तो जी भरतो ती दुसरी, तिच्यापेक्षा कितीतरी बारीक. पैसे दुसऱ्या यादीवर ठरतात आणि हिरव्या अक्षरांत छापतात पहिलीचे.

"थोडं सोड ना रे," मी शेवटी भाजीवाल्याशी बोलतात त्या आवाजात म्हणाले.

"सोडलं तर गोदामात परत चेक होतो. तिथे निघालं तर माझ्यावर येतं."

म्हणजे शंका आली की तो खालचाच आकडा धरणार. मीही धरला असता. पण मग मी भांडू कुणाशी? फोन बनवणारा वेगळा, विकणारा वेगळा, जुना घेणारा तिसराच, आणि दारात उभा असलेला हा चौथा, ज्याच्या हातात काहीच नाही. हेल्पलाइनवर नऊ मिनिटं बासरी ऐकली. ती बासरीही मला आता ऐकवत नाही, कृष्णाची क्षमा मागून सांगते.

रद्द करून टाकावं असं तीनदा मनात आलं. पण सेल रविवारी संपलेला. आज तोच फोन ३०,९९९ ला. कार्डावरची सूट गेलेली. जुना फोन पुसलेला, त्यातलं सगळं दुसरीकडे हलवलेलं, आणि नवीन खोकं टीपॉयवर. आकडा उतरवायची हीच वेळ असते. शनिवारी रात्री ५,९०० दाखवले असते तर मी फोन कपाटात टाकला असता आणि दिवाळीपर्यंत विसरले असते.

आई तेवढ्यात म्हणाल्या, "आमच्या वेळी बोहारीण बरी होती." आणि खरंच की! बोहारीण दारात बसायची, नऊवारी उजेडाकडे धरायची, विरलेलं शोधायची, नाक मुरडायची, आणि मग सांगायची, पातेलं नाही, डबा मिळेल. जुना सोनारसुद्धा मोड घेताना आधी घासतो, घट धरतो आणि मग आकडा बोलतो. घट जास्त धरतो तो भाग वेगळा, माझ्या बांगड्यांचं ते दुखणं मी अजून विसरलेले नाही. पण कुणी शनिवारी रात्री अंधारात "पातेलं, पातेलं" असं हिरव्या अक्षरांत ओरडून मंगळवारी डबा पुढे करत नव्हतं.

बिलाचं तर बोलूच नका. एक्स्चेंज झालं तरी जीएसटी पूर्ण किमतीवर. मी चिडून शोधलं, तर २०१७ च्या नियमांतला २७ वा नियम, आणि त्यात उदाहरणसुद्धा फोनचंच: जुना देऊन नवा २०,००० ला पडला आणि एरवी तो २४,००० चा असला, तर मूल्य २४,००० च धरायचं. देशात एवढ्या वस्तू असताना उदाहरणाला यांना माझंच दुखणं सापडलं.

पैसे भरायला गेले तर यूपीआय चालेना. सिम एका फोनमधून निघालेलं, दुसऱ्यात बसलेलं, आणि अ‍ॅपला मी ओळखीची वाटेना. हे ऑफिसात, फोन उचलत नव्हते. शेवटी आईंनी कपाटातून, साड्यांच्या घडीतून पाचशेच्या पाच नोटा काढून दिल्या. लोगोचं प्रायश्चित्त असावं, पण तसं त्या म्हणाल्या नाहीत. पोराने ओटीपी घेतला, माझ्यासमोर फोन परत एकदा पुसला, पिशवीत घातला आणि जाताना म्हणाला, "मॅडम, पाच स्टार द्या हं." दिले. त्याचा काय दोष?

सव्वासात वाजता नवीन फोन चार्जिंगवरून काढला. आई चष्मा लावून तयारच बसल्या होत्या. मी ब्राइटनेस पार खाली आणला आणि फोन त्यांच्या हातात दिला.

"काहीच दिसत नाही गं यात," त्या म्हणाल्या. "जुना बरा होता."