पाहुण्यांच्या पत्रातली पंचवीस मिनिटं

"सर, प्रमुख पाहुण्यांच्या पत्राचा तुमचा नमुना वाचला. पाहुण्याला वेळ बांधून द्यायची, 'राजकीय विषय टाळावा' असं लिहायचं, वर अमुक तारखेपर्यंत कळवा म्हणायचं, ही निमंत्रणाची नाही, टेंडरची भाषा झाली. मी तीस वर्षं शाळेत काढली. 'आपल्या उपस्थितीने कार्यक्रमाची शोभा वाढवावी' एवढ्या एका ओळीवर आमच्याकडे मोठमोठी माणसं आली." – एक निवृत्त मुख्याध्यापक, शहादा

नाना, राजकीय विषयाबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. ते वाक्य आजच नमुन्यातून काढलं. त्याच्या जागी आता 'श्रोते इ. ५वी ते १०वीचे विद्यार्थी व त्यांचे पालक' एवढंच आहे. समोर कोण बसलंय हे कळलं की शहाण्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही, आणि ज्याला सांगावं लागेल त्याला बोलवायचं की नाही हे आधी आपणच ठरवायचं.

वेळेबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. ते कशामुळे झालंय ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनाचं काम माझ्याकडे होतं. पाहुणे म्हणून कापसाच्या संशोधनात हयात घालवलेले एक गृहस्थ नाशिकहून बोलावले. पत्र मीच लिहिलं होतं. तारीख, 'सायंकाळी ५ वाजता', आणि तुमची ती शोभेची ओळ. बस. ते गृहस्थ सज्जन. शाळेने एवढ्या लांबून बोलावलंय म्हणजे व्याख्यान हवं असणार, असं त्यांनी धरलं. गुलाबी बोंडअळीवर पन्नास मिनिटांचं भाषण तयार केलं, सोबत चित्रं दाखवायला लॅपटॉप आणला. आमच्याकडे पडदा नव्हता, प्रोजेक्टर नव्हता, आणि बक्षिसं होती ८६.

ते बरोबर पाचला हजर झाले. मांडव सहाला भरला. स्वागत, प्रास्ताविक, अहवालवाचन यात पावणेसात वाजले. पाहुणे बोलायला उभे राहिले तेव्हा पडद्यामागे पाचवी-सहावीची पोरं आदिवासी नृत्याच्या पोशाखात, उघड्या दंडांनी, जानेवारीच्या गारठ्यात रांगेत उभी होती. शिपाई तिसऱ्यांदा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सर, पोरे थंडीघाई काकडी ऱ्हायनात." मी पाहुण्यांना चिठ्ठी दिली. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला, अर्धं भाषण झालेलं होतं तिथेच थांबवलं आणि खाली बसले. एकही शब्द बोलले नाहीत. ती चिठ्ठी, नाना, पत्रातल्या कुठल्याही ओळीपेक्षा उद्धट होती.

आणि ते झाल्यावर बक्षिसं. एका बक्षिसाला नाव पुकारणं, मुलाचं स्टेजवर येणं, हातात देणं आणि फोटो धरून अर्धा मिनिट लागतो. ८६ बक्षिसांना ४३ मिनिटं. त्यांना जळगावहून रात्रीची गाडी होती, आणि अमळनेरहून स्टेशन गाठायला दीड तास धरावा लागतो. साठाव्या बक्षिसाला ते उठले. उरलेल्या मुलांना संस्थेच्या एका सदस्यांनी बक्षिसं दिली. पालक आमच्यावर नाराज झाले, पाहुण्यांवर नाही, हेच नशीब.

यातली एक तरी गोष्ट त्यांना पत्रातून कळली होती का?

दुसरं म्हणजे भूमिका. आपण सगळे 'पाहुणे' म्हणतो, पण प्रमुख पाहुणा आणि अध्यक्ष यांची तयारी वेगळी असते, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. पाहुणा आधी बोलतो, अध्यक्ष शेवटी समारोप करतो आणि आभारापर्यंत जागेवरून हलत नाही. उद्घाटक दीप लावून, दोन शब्द बोलून निघाला तरी चालतं. त्या वर्षी अध्यक्ष संस्थेचेच होते आणि तेही बोलणार होते. पाहुण्यांना हे पत्रिका हातात पडल्यावर, म्हणजे स्टेजवर बसल्यावर कळलं. शिवाय रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, म्हणजे वेळ मागे ढकलायलाही जागा नसते. कुणाचं तरी कापावं लागतं, आणि दरवर्षी ते पोरांच्या कार्यक्रमातूनच कापलं जातं.

आता भाषेचं. तुम्हाला टोचलं ते 'वीस मिनिटेच बोलावे' हे, आणि ते टोचण्यासारखंच होतं. त्यात आपण पाहुण्याला हुकूम सोडतो. तीच गोष्ट आपल्या कार्यक्रमाबद्दल सांगितली की हुकूम राहत नाही. मिनिटंही पाचने वाढवलीत. सुधारलेला मजकूर असा:

"आमच्या शाळेचे वार्षिक स्नेहसंमेलन शनिवार, दि. १७ जानेवारी २०२६ रोजी शाळेच्या मैदानावर होत आहे. फोनवर बोलणे झाल्याप्रमाणे आपण प्रमुख पाहुणे म्हणून यावे, ही विनंती. संस्थेचे अध्यक्ष समारंभाचे अध्यक्षस्थान भूषवतील. आपल्या हस्ते सायं. ६ वाजता दीपप्रज्वलन होईल. आपल्या मनोगतासाठी ६.३० ते ६.५५ ही वेळ राखून ठेवली आहे. त्यानंतर आपल्या हस्ते ४० बक्षिसे दिली जातील. ७.३० वाजता मुलांचे कार्यक्रम सुरू होतील; आपण थांबलात तर मुलांना आनंद होईल. जाण्यायेण्याची व जेवणाची व्यवस्था आणि मानधन संस्थेकडे आहे. आपली लेखी संमती २० डिसेंबरपर्यंत मिळावी, म्हणजे पत्रिकेत आपले नाव छापता येईल. आपल्या उपस्थितीने कार्यक्रमाची शोभा वाढवावी."

तुमची ओळ शेवटी ठेवलीय, बघा. तारखेसोबत वार मुद्दाम लिहायचा. सतराच्या जागी सत्तावीस पडलं तर वार जुळत नाही आणि चूक पकडली जाते. मानधनाचा आकडा पत्रात नको, तो फोनवर. सहाचा कार्यक्रम असेल तर पाहुण्याला सहाच लिहा, पाच लिहून खुर्चीत बसवून ठेवू नका. आणि बक्षिसं ८६ असतील तर पाहुण्यांच्या हस्ते चाळीस, बाकीची आदल्या दिवशी वर्गात. ४० बक्षिसांना वीस मिनिटं, म्हणजे सव्वासात. पंधरा मिनिटं हातात उरतात, आणि ती लागतातच.

२० डिसेंबरबद्दलही थोडं. ही तारीख पाहुण्यासाठी नाही, छापखान्यासाठी आहे. फोनवरचं 'बघू, येतो' हे होकार धरून मी एकदा पाचशे पत्रिका छापल्या आणि माणूस आला नाही. पत्रिकेवर नाव त्यांचं, स्टेजवर भलतेच. शिवाय उत्तराला तारीख दिली की नाही म्हणणाऱ्यालाही नाही म्हणणं सोपं जातं, आणि आपल्या हातात दुसऱ्याला सन्मानाने विचारण्याइतके दिवस उरतात. आदल्या संध्याकाळी बोलावलेल्या माणसाला आपण दुसऱ्या पसंतीचे आहोत हे लगेच कळतं.

तुमच्या काळात एका ओळीवर माणसं आली हे खरंच आहे. पण ती बहुधा पंचक्रोशीतली, तुम्हाला ओळखणारी होती. किती वाजता निघायचं, किती बोलायचं, हे तुम्ही ओट्यावर बसून आधीच ठरवलेलं असायचं. लांबून येणाऱ्या परक्या माणसाकडे तो ओटा नसतो.

गेल्या वर्षी हे असंच तपशिलाचं पत्र एका निवृत्त परिचारिकाबाईंना पाठवलं होतं. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. मला वाटलं, रागावल्या. त्या म्हणाल्या, "चाळीस ढाली ना? जड असतील तर सांगा, माझा उजवा खांदा गेलाय." मग आम्ही टेबल त्यांच्या डाव्या हाताला लावलं, ढाली मुलींनी पुढे धरल्या आणि बाईंनी नुसता हात लावून दिल्या. सव्वासातला संपलं. साडेसातला पडदा वर गेला तेव्हा बाई पहिल्या रांगेत शाल पांघरून बसल्या होत्या, आणि जेवायला भरीत-पुरी आहे हे कळल्यावर शेवटपर्यंत हलल्या नाहीत.