दारापर्यंत, म्हणजे कुठल्या दारापर्यंत?

ऑफिसात ज्याला गणपतीतल्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन येतं, त्याला मिनिट्सही लिहिता येतात असा आमच्या एचआरचा ठाम समज आहे. त्यामुळे गेल्या आठवड्यातल्या टाउनहॉलच्या, म्हणजे सगळ्या कंपनीच्या सभेच्या, प्रश्नोत्तरांचा वृत्तांत लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. काल संध्याकाळी ती मिनिट्स सगळ्यांना मेलवर गेली. ती वाचल्यापासून माझं डोकं फिरलंय.

शंभराच्या वर प्रश्न आले होते. बरेचसे निनावी, अॅपवरून, खाली मतं पडलेले, थोडे माइकवर. पहिलं काम त्यांचे गट पाडणं. हे वाटतं तितकं सोपं नाही. प्रश्नात 'चहा' आहे म्हणून तो कँटीनखाली टाकला की घोटाळा झालाच. "मशीनचा चहा बंद करून डिपडिप सुरू केलंय, कंपनी तोट्यात आहे का?" हा प्रश्न कँटीनवाल्याला विचारून काय उपयोग? तो फायनान्सचा प्रश्न आहे, फक्त कपातून आलाय. म्हणून मी शब्द बघत नाही, उत्तर कोणाला द्यावं लागेल ते बघतो आणि त्याच्या नावचा गट करतो. दुसरी गोष्ट, सारखे प्रश्न एकत्र करताना किती एकत्र केले तो आकडा लिहायचा आणि त्यातला सगळ्यात झोंबणारा प्रश्न जसाच्या तसा ठेवायचा. नाहीतर पगारवाढीवर तेवीस माणसं पोटतिडकीने बोलतात आणि कागदावर उरतं, "वेतनवाढीबाबत विचारणा झाली." एचआरला नेमकं तेच हवं असतं. त्यांनी तर पगाराच्या गटाचं नाव बदलून 'कर्मचारी अनुभव' करा असं सुचवलं. अनुभव आहेच म्हणा.

खरी मारामारी उत्तरांची. व्यासपीठावरून येणारी उत्तरं साधारण चार जातींची: माहिती, नकार, आश्वासन आणि "आपण यावर ऑफलाइन बोलू". चौथी जात मी 'उत्तर मिळाले नाही' अशी लिहितो, ते एचआरला झोंबतं. नकार मात्र मला आवडतो. घरून काम करायचा आणखी एक दिवस मिळेल का, यावर कंट्री हेड सरळ म्हणाले, "नाही. मिळणार नाही." हॉलमध्ये कुरकुर झाली, पण तो प्रश्न परत कोणी विचारला नाही. एचआरने नेमकं तेच वाक्य काढायला लावलं. नकारात्मक वाटतं म्हणे.

आश्वासन म्हणायचं तर त्यात तीन गोष्टी हव्यात: काय करणार, कोण करणार, कधीपर्यंत. यातली एक जरी नसली तर ती सदिच्छा. तारखेत तर हमखास पाणी मुरतं. "क्यू थ्रीमध्ये करू," असं म्हणतात. कुठला क्यू थ्री? आपलं आर्थिक वर्ष एप्रिलपासून, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. आमची वरची कंपनी अमेरिकेतली, तिचं वर्ष जानेवारीपासून, म्हणजे जुलै ते सप्टेंबर. दोन्ही उलटून गेले की सांगायला मोकळे, "तुम्ही दुसरा समजलात." म्हणून मी महिन्याचं नाव लिहितो.

आता कॅबची गोष्ट. सपोर्ट टीममधली एक मुलगी माइकवर उभी राहिली. तिची शिफ्ट रात्री अकराला संपते. कॅब तिला चौकात सोडते, कारण आत गल्लीत गाडी वळवायला वेळ जातो आणि पुढच्या फेरीला उशीर होतो. मग ती अंधारातून चालत घरी. कंट्री हेड म्हणाले, "हे चालणार नाही. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून दारापर्यंत. सोनावणे बघतील." काय, कोण, कधी, तिन्ही आलं! मी खूश. तसंच्या तसं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी अॅडमिनचे सोनावणेसाहेब माझ्या टेबलाशी. हातात माझ्या मसुद्याची प्रिंट, त्यावर लाल पेन.

"लेखकराव, हे 'दारापर्यंत' म्हणजे कुठल्या दारापर्यंत?"

"घराच्या, साहेब."

"घराच्या कुठल्या? सोसायटीचं गेट, बिल्डिंगचं दार, का फ्लॅटचं? चौथ्या मजल्यावर राहत असेल आणि लिफ्ट बंद असेल तर ड्रायव्हरने चढायचं का?"

"बिल्डिंगच्या दारापर्यंत लिहू."

"आणि बंगला असला तर?" ते खुर्ची ओढून बसले. सवडीने आले होते. "त्यापेक्षा 'निवासस्थानाच्या परिसरात' लिहा. भाषा पण भारदस्त वाटते."

"परिसर म्हणजे किती लांब?"

"कोथरूड हाही एक परिसरच आहे."

मग क्रियापदांवर आलो. 'सोडले जाईल' त्यांना जड वाटलं. 'सोडण्याचा प्रयत्न केला जाईल' यावरही ते थबकले, कारण प्रयत्न केला का असं उद्या कोणी विचारलं तर? शेवटी 'शक्यता पडताळून पाहण्यात येईल' इथे त्यांना जरा बरं वाटलं. मग लाल पेन स्वतःच्या नावावर टेकलं. "इथे माझं नाव कशाला? 'अॅडमिन विभाग' लिहा."

"साहेब, विभागाला फोन लागत नाही."

"तेच तर!"

मग मला राहवलं नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017. त्याच्या कलम 13 प्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला कामाला ठेवायचं तर तिची संमती लागते आणि आस्थापनेपासून तिच्या घराच्या दारापर्यंत वाहतुकीची सोय मालकाला करावी लागते. दारापर्यंत, परिसरापर्यंत नव्हे. मी ते कलम मोबाइलवर उघडून त्यांच्यापुढे धरलं.

सोनावण्यांनी चष्मा कपाळावर चढवून सावकाश वाचलं. चेहरा एकदम उजळला. "अहो, मग प्रश्नच मिटला! कायद्यात लिहिलंच आहे, तर पुन्हा मिनिट्समध्ये कशाला लिहायचं?"

यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. ज्या गोष्टीसाठी एका मुलीला चारशे लोकांसमोर माइक हातात घ्यावा लागला, ती गोष्ट कंपनीने मुळात पहिल्या दिवसापासून करायची होती. त्याचं आश्वासन द्यावं लागलं, त्यावर टाळ्या पडल्या (मीही वाजवल्या), आणि आता त्याच आश्वासनातून एकेक शब्द उपटून काढायचं काम चाललं होतं. ट्रान्सपोर्टच्या कंत्राटात पैसे फेरीवर मोजतात, गल्लीत वळायला लागणाऱ्या वेळेवर नाही. दारापर्यंत सोडायचं तर फेऱ्या कमी होणार, गाड्या वाढवाव्या लागणार, आणि ते सोनावण्यांच्या बजेटमध्ये नाही. बजेट वाढवून मागायचं तर वर जावं लागतं. त्यापेक्षा माझ्याकडे येणं सोपं, मी तळमजल्यावर बसतो.

काल आलेल्या मेलमध्ये त्या मुद्द्याची ओळ अशी आहे: "महिला कर्मचाऱ्यांच्या प्रवासाबाबत सकारात्मक चर्चा झाली. कालावधी: यथावकाश." शेवटच्या रकान्यात 'पाठपुरावा' असं लिहून त्याखाली माझं नाव. मी टेस्टिंगमध्ये आहे. माझ्याकडे गाडी सोडा, पार्किंगचा पासही नाही. सकाळपासून मात्र नाइट शिफ्टच्या तीन जणींचे फोन येऊन गेले, ड्रायव्हर ऐकत नाही म्हणून.

मी सगळ्यांना उत्तर टाकलं: मिनिट्स दुरुस्त करावीत, मूळ वाक्य रेकॉर्डिंगमध्ये आहे, सत्तेचाळिसाव्या मिनिटापासून ऐकावं. पाचच मिनिटांत सोनावण्यांचं उत्तर आलं. सूचनेबद्दल आभार मानून त्यांनी कळवलं होतं की स्टोरेजच्या धोरणाप्रमाणे टाउनहॉलची रेकॉर्डिंग या महिन्याच्या 28 तारखेला आपोआप पुसली जाईल.

दारापर्यंतची कॅब 1 तारखेपासून होती.