तुमच्या ग्रुपमधल्या एकाच्या फोनवर जीबी व्हॉट्सॲप असेल, तर तुमचे मेसेज कुणाच्या हातात आहेत?

माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. स्क्रीन बदलायला किंवा चार्जिंग पिन साफ करायला आलेल्या फोनमध्ये जीबी व्हॉट्सॲप दिसलं की मी गिऱ्हाइकाला ते काढायला सांगतो. त्यावर बहुतेक वेळा एकच उत्तर येतं, "दादा, माझा फोन आहे, माझे चॅट आहेत, झालं नुकसान तर माझं होईल." हे उत्तर मला अजिबात मान्य नाही, आणि का मान्य नाही ते आज नीट लिहितो. जीबी, एफएम, यो, व्हॉट्सॲप प्लस ही सगळी एकाच जातीची ॲप्स आहेत, मूळ व्हॉट्सॲपमध्ये तिसऱ्याच कुणीतरी बदल करून बनवलेली. त्यांना मॉड म्हणतात. त्यातलं एखादं तुम्ही टाकता तेव्हा धोका तुमच्यापुरता राहत नाही. तुमच्याशी बोलणारा प्रत्येक माणूस त्यात ओढला जातो, आणि त्याला कुणी विचारलेलंही नसतं.

"व्हॉट्सॲप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहे, मग भीती कसली?" असं पुष्कळांना वाटतं. २०१६ पासून ही सोय सगळ्यांसाठी आहे आणि ती चांगलीच आहे. पण ती रक्षण कशाचं करते? मेसेज एका फोनमधून निघून दुसऱ्या फोनमध्ये पोचेपर्यंतच्या वाटेचं. वाटेत तो कुणाला वाचता येत नाही, अगदी कंपनीलाही नाही. दोन्ही टोकांना मात्र तो उघडावाच लागतो, नाहीतर माणूस वाचणार कसा? आणि उघडण्याचं काम ॲप करतं. पाकीट कितीही पक्कं सीलबंद असलं, तरी ते फोडून वाचून दाखवणाराच परका असेल तर सीलचा काय उपयोग? मॉड म्हणजे तो परका माणूस.

मॉड तयार कसं होतं? कुणीतरी मूळ व्हॉट्सॲपची एपीके, म्हणजे ॲप इन्स्टॉल करायची फाइल घेतो, ती उलगडतो, आतल्या कोडमध्ये हवे ते बदल करतो आणि पुन्हा बांधतो. अँड्रॉइडवर प्रत्येक ॲपला बनवणाऱ्याची डिजिटल सही लागते. मूळ कंपनीची सही या माणसाकडे नसते, म्हणून तो स्वतःची करतो. सही बदलली की प्ले स्टोअरवरून येणारं अपडेट त्या ॲपवर बसत नाही. त्यामुळे पुढची प्रत्येक आवृत्ती तुम्हाला त्याच माणसाच्या वेबसाइटवरून किंवा टेलिग्राम चॅनलवरून घ्यावी लागते. "मी चार वर्षं वापरतोय, काही झालं नाही" म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. चार वर्षं काही झालं नसेलही, पण उद्याच्या अपडेटमध्ये काय भरलेलं असेल हे तपासणारं मध्ये कुणीच नाही.

हा नुसता तर्क नाही, असं घडलेलं आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना एफएम व्हॉट्सॲपच्या १६.८०.० या आवृत्तीत ट्रायडा नावाचा ट्रोजन, म्हणजे कामाच्या ॲपमध्ये लपून येणारा घातक प्रोग्रॅम, सापडला. जाहिराती दाखवण्यासाठी जोडलेल्या भागाबरोबर तो आत आला होता. वर्षभरानंतर, ऑक्टोबर २०२२ मध्ये, त्यांनी यो व्हॉट्सॲपच्या २.२२.११.७५ या आवृत्तीबद्दल लिहिलं. सगळी प्रकरणं सोडून मी हेच एक गिऱ्हाइकांना सांगत बसतो, कारण यात चोरलं काय गेलं ते समजून घेण्यासारखं आहे.

तुम्ही ओटीपी टाकून व्हॉट्सॲप सुरू करता तेव्हा तुमच्या फोनमध्ये काही किल्ल्या तयार होतात. त्यानंतर सर्व्हरला दर वेळी ओटीपी लागत नाही, या किल्ल्यांवरून तो तुम्हाला ओळखतो. यो व्हॉट्सॲपमध्ये लपलेला ट्रोजन या किल्ल्याच उचलून दुसऱ्या सर्व्हरवर पाठवत होता. ज्याच्या हाती किल्ल्या, त्याला तुमच्या फोनला हात न लावता तुमच्या नावानं खातं चालवण्याची वाट मोकळी. ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून आपण आईवडिलांना बजावत असतो, पण इथे कुणी ओटीपी मागितलाच नाही. दुसरी गोष्ट परवानग्यांची. व्हॉट्सॲपला एसएमएस वाचायची परवानगी आपण सवयीनं देतो. मॉडला दिलेली तीच परवानगी आतल्या ट्रोजनलाही मिळते, आणि तिच्या जोरावर तो तुमच्या नकळत पैसे लागणाऱ्या सेवा तुमच्या नंबरवर सुरू करू शकतो. बॅलन्स कापला जातो आणि माणूस सिम कंपनीशी भांडत बसतो.

यो व्हॉट्सॲप लोकांपर्यंत पोचलं कसं, तेही पाहा. स्नॅपट्यूब या व्हिडिओ डाउनलोड करणाऱ्या ॲपमध्ये त्याची जाहिरात दिसत होती, आणि त्याच घाणीचं दुसरं रूप व्हॉट्सॲप प्लस या नावानं विडमेटमधून मिळत होतं. ही दोन्ही नावं आपल्याकडे कुणाला नवी आहेत? गावोगावी पोरांच्या फोनमध्ये मी ती पाहिली आहेत. एका ओळखीच्या ॲपमध्ये जाहिरात दिसली, म्हणजे दुसरंही बरंच असेल, असा विश्वास बसतो.

२०२३ मध्ये त्याच संशोधकांना आणखी काही मॉडमध्ये हेरगिरी करणारा भाग सापडला. तो मुख्यतः अरबी आणि अझरबैजानी टेलिग्राम चॅनलांमधून पसरला होता. फोन चालू केला किंवा चार्जिंगला लावला की तो जागा होई. फोनचा आयएमईआय, नंबर, कॉन्टॅक्ट असं सगळं पाठवून देई आणि हुकूम आला तर माइकवरून आवाजही टिपू शके. ते आपल्या भागातलं प्रकरण नव्हतं, पण कॉन्टॅक्ट यादी गेली म्हणजे कोण गेलं? ज्यांनी आयुष्यात कधी मॉड पाहिलं नाही असे शेकडो लोक.

आता मेसेज फुटण्याबद्दल. यासाठी व्हायरससुद्धा लागत नाही. तुम्ही "डिलीट फॉर एव्हरीवन" दाबता तेव्हा समोरच्या फोनमधला मेसेज तुम्ही स्वतः पुसत नसता. तुमच्याकडून फक्त एक विनंती जाते, की हा मेसेज काढून टाक. ओरिजिनल ॲप ती पाळतं. मॉडमध्ये ती न पाळण्याची सोय असते आणि तिचीच जाहिरात होते, "डिलीट केलेले मेसेजही वाचा". एकदाच पाहायच्या फोटोचं तेच. फोटो समोरच्या फोनमध्ये पोचतोच, एकदा दाखवून झाकायचं काम तिथलं ॲप करतं, आणि मॉड ते करत नाही. म्हणजे एखाद्या मुलीनं विश्वासानं पाठवलेला फोटो, घाईत चुकीच्या ग्रुपवर गेलेला आधारचा फोटो, रागात लिहून लगेच मागे घेतलेलं वाक्य, हे सगळं समोरच्याकडे शाबूत असतं आणि पाठवणाऱ्याला ते कधीच कळत नाही. मला या सोयीची मनापासून चीड आहे. दुसऱ्यानं मागे घेतलेलं त्याच्या नकळत जपून ठेवणं याला मी फीचर म्हणणार नाही.

मॉड वापरणाऱ्याचं खातं व्हॉट्सॲप बंद करतं, त्या बॅनचं दुःख वेगळं, आणि माझ्याकडे सगळ्यात जास्त रडकुंडीला आलेली माणसं त्यापायीच येतात. डबे पुरवणाऱ्या एका ताईंचा नंबर असाच गेला. सगळी गिऱ्हाइकं त्या नंबरवर, रोजचा मेनू त्यावर, उधारीचा हिशेबही चॅटमध्येच. एका सकाळी खातं तात्पुरतं बंद केल्याचा मेसेज आणि खाली उलटी मोजणारं घड्याळ. व्हॉट्सॲपचं म्हणणं सरळ आहे, असा तात्पुरता बॅन दिसला तर तुम्ही बहुधा अनधिकृत आवृत्ती वापरत आहात, ओरिजिनलवर या. ताईंच्या भाच्यानं मात्र यूट्यूबवर पाहून "अँटी-बॅन" लिहिलेलं दुसरं मॉड टाकलं. मग नंबर कायमचा बंद झाला. रिव्ह्यूची विनंती केली, नकार आला. अँटी-बॅन म्हणजे सर्व्हरला फसवण्याचा प्रयत्न असतो. तुमचं खातं चालू ठेवायचं की नाही हे ठरतं कंपनीच्या सर्व्हरवर, आणि तिथे मॉडवाल्याचा हात पोचत नाही.

म्हणून तात्पुरता बॅन दिसला तर आधी हात आवरा. ॲप लगेच उडवू नका, कारण तुमचे जुने चॅट त्याच्याच फोल्डरमध्ये असतात. ओरिजिनल ॲप आपला बॅकअप Android/media/com.whatsapp मध्ये शोधतं, जीबीचा फोल्डर त्याला दिसतच नाही. घड्याळ संपू द्या. ॲप उघडलं की महत्त्वाचे चॅट एकेक करून एक्स्पोर्ट करा, फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करा. फोल्डरचं नाव बदलून चॅट परत आणायची युक्ती सांगतात. ती कधी चालते, कधी चालत नाही, तिच्या भरवशावर हिशेबाचे चॅट सोडू नका.

लोक मॉड टाकतात ते वाईट हेतूनं, असं मी म्हणत नाही. आमच्याकडे सगळ्यात मोठं कारण म्हणजे दोन सिम. एक नंबर घरचा, एक धंद्याचा, आणि फोन एकच. पूर्वी ही खरीच अडचण होती. पण ऑक्टोबर २०२३ पासून अँड्रॉइडवर ओरिजिनल व्हॉट्सॲपमध्येच दोन खाती चालवण्याची सोय येऊ लागली, आणि बिझनेस ॲप तर त्याआधीपासून आहे. ब्लू टिक बंद करता येते, ऑनलाइन दिसणं लपवता येतं, एखादं चॅट लॉक करता येतं. ज्यासाठी जीबी घेतलं, त्यातलं बरंचसं आता घरीच आहे.

आपल्या फोनमधलं ओरिजिनल आहे का, हे तपासायला फार वेळ लागत नाही. व्हॉट्सॲपच्या आयकॉनवर बोट दाबून धरा, ॲप इन्फो उघडा आणि अगदी खाली जा. ॲप गूगल प्ले स्टोअरवरून आल्याचं तिथे लिहिलेलं असतं. ब्राउझर किंवा फाइल मॅनेजरचं नाव दिसलं तर शंका घ्या. आईवडिलांचा फोन तर स्वतः बघा. पुष्कळदा तो भाच्यानं, पुतण्यानं किंवा जुना फोन विकणाऱ्यानं "सेट करून" दिलेला असतो, आणि त्यांना बिचाऱ्यांना माहीतही नसतं.

सापडलं, तर चॅट एक्स्पोर्ट करून मॉड काढा. ज्या ब्राउझरला "अनोळखी ॲप्स इन्स्टॉल" करायची परवानगी दिली होती ती बंद करा. प्ले स्टोअरमधल्या प्ले प्रोटेक्टनं स्कॅन करा. मग प्ले स्टोअरवरूनच व्हॉट्सॲप घ्या आणि ओटीपीनं नव्यानं सुरू करा. हे महत्त्वाचं आहे, कारण नव्या नोंदणीत किल्ल्या नव्या बनतात आणि चोरीला गेलेल्या जुन्या निकामी होतात. लिंक्ड डिव्हायसेसमध्ये जाऊन ओळखीचं नसलेलं सगळं लॉग आउट करा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावा. यानंतर तुमच्याशी बोलणाऱ्या काहींना "सिक्युरिटी कोड बदलला" अशी ओळ दिसेल. कुणी फोन करून विचारलं तर लपवू नका, कशामुळे बदलला ते सांगा, आणि त्यांनी तुम्हाला काही खाजगी पाठवलेलं असेल तर तेही त्यांना कळू द्या.