पाठीवरच्या केसांचं पॅकेज घ्या म्हणे!

काहून रे भाऊ, माझ्या पाठीवर केस आहेत तर तुमच्या बापाचं काय जाते? मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या घरात असतो. बनियन काढून कूलरसमोर बसलं की शेजारच्या पोट्ट्यापासून मेहुण्यापर्यंत सगळ्यांना अस्वल आठवतं. चारचौघांतलं हसणं तिथंच संपलं असतं तर एवढा राग नव्हता. ते बेडरूमपर्यंत मागे येतं, म्हणून डोकं फिरतं.

लग्न ठरलं तसे सगळेच सल्लागार झाले. सदरमधल्या एका सलूनवाल्यानं तर सरळ विचारलं, "सर, पहिल्या रात्री मॅडमला कसं वाटेल?" ह्या एका वाक्यावर त्याचा धंदा चालतो! छाती आणि पाठ, दोन्हीचं वॅक्सिंग, तेही लग्नाच्या ऐन तोंडावर. जाड, कुरळा केस कधीकधी मुळासकट निघतच नाही, कातडीच्या आतच तुटतो, हे त्यानं सांगितलं नाही. परत वाढताना तो बाहेर यायच्याऐवजी आतल्या आत वळतो आणि तिथं गाठ धरते, हेही नाही. वर नागपूरचा उन्हाळा, घाम आणि ती जाड अस्तराची शेरवानी. हळदीच्या दिवशी माझी पाठ पुळ्यांनी भरली होती. प्रत्येक पुळीच्या टोकाला पिवळा पू, आणि हळद लावणाऱ्या मावशा विचारतात, "काय झालं रे, गोवर आला का?"

मग औषधाच्या दुकानातला तो महाभाग. पाठ बघितलीसुद्धा नाही, ट्यूब काढून दिली. "हे लावा, दोन दिवसांत साफ." साफ झालीही. कारण त्यात अँटिबायोटिक आणि बुरशीच्या औषधासोबत कडक स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड लालसरपणा दाबून टाकतं, पण जंतूंशी लढायची कातडीची ताकदही कमी करतं. चार दिवसांनी ट्यूब थांबली आणि पुळ्या दुप्पट झाल्या. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचीच नाही अशी ती गोष्ट, आणि हा कॅडबरीसारखी देतो. शेवटी धंतोलीतल्या त्वचेच्या डॉक्टरनं ती ट्यूब परत लावायची नाही म्हणून बजावलं, वॅक्सिंग बंद केलं, सैल सुती कपडे घालायला सांगितले. पाठ निवळायला महिने लागले. काळे डाग अजून आहेत.

आता ज्यासाठी हा सगळा उपद्व्याप केला ते ऐका. नवीन लग्न, आणि मी अंधारात, टी-शर्ट घालून. बायकोचा हात पाठीकडे गेला की मी तो धरून खाली आणायचो. तिला वाटलं, माझा स्पर्शच नको याला! डोकं सगळं एकाच गोष्टीत: तिच्या बोटाला पुळी लागली असेल का, पोट आत ओढलंय का, दिवा लावेल का. मास्टर्स आणि जॉन्सन या लैंगिक संबंधांवर संशोधन करणाऱ्या अमेरिकन जोडीनं 1970 मध्येच लिहून ठेवलंय की माणूस त्या वेळी स्वतःचाच प्रेक्षक झाला की शरीर साथ सोडतं. साधं आहे. ताठरता यायला शरीर निवांत लागतं. धास्तीनं ॲड्रेनलिन वाढलं की रक्तवाहिन्या आवळतात, आणि मग काहीच होत नाही. एकदा तसं झालं की पुढच्या वेळी त्याचीच धास्ती. केसांनी हे केलं नव्हतं बे, केसांच्या लाजेनं केलं होतं.

आणि हा आदर्श येतो कुठून? आमच्या जिमच्या भिंतीवरच्या पोस्टरमधून. फोटोच्या आधी पाणी पिणं तोडायचं, डंबेल मारून स्नायू फुगवायचे, अंगाला तेल चोपडायचं, बाजूनं लाइट मारायचा. तो माणूससुद्धा दुसऱ्या दिवशी सकाळी तसा दिसत नाही. ट्रेनर कानात सांगतो, "भाऊ, एक कोर्स मारून टाक." कोर्स म्हणजे टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं. बाहेरून हार्मोन आलं की मेंदू वृषणांना काम थांबवायचा निरोप देतो, ती आक्रसतात, शुक्राणू घटतात. कोर्स सुटल्यावर इच्छाच मेली म्हणून कित्येक जण महिनोन्‌महिने डॉक्टरकडे खेटे घालतात. यातली सगळ्यात मोठी गंमत ऐका: अंगावर केस उगवतात तेही ह्याच हार्मोनच्या जोरावर! म्हणजे मर्द दिसायला तेच टोचायचं, आणि मर्दाचे केस आले की तेच ओरबाडायचे. काय डोकं आहे राजेहो!

बायकोला एकदाचं सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "मले केसाचं काही नव्हतं, तुम्ही हात झटकत होते त्याचं होतं." एवढं बोलायला आम्हाला पावसाळा उजाडला.

आणि काल त्याच सलूनवाल्याचा मेसेज. आता लेझरचं पॅकेज आहे, सहा ते आठ सिटिंग, महिन्याच्या अंतरानं. काही पुरुषांच्या खांद्यावर आणि पाठीवर लेझरनंतर केस उलट जास्त येतात, हे त्यात कुठंच नाही. "सर, कॉन्फिडन्स वाढेल," एवढं मात्र आहे. नंबर ब्लॉक केला लेकाचा.