दीड इंच माया

लग्नाला छप्पन्न दिवस उरले असताना मी शालूवरचं ब्लाउज शिवायला टाकायला गेले. टेलरकाकूंनी दंडाभोवती टेप गुंडाळली, आकडा वाचला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "बारीक होणार असशील ना? सगळ्याच होणार असतात."

तो 'असतात' जिव्हारी लागला. घरी येऊन मी काकडी आणि ताक सुरू केलं. चार दिवसांत काटा 68.4 वरून 66.2 वर आला. या वेगाने लग्नापर्यंत मी अंतरपाटातून आरपार दिसले असते. पाचव्या दिवशी थोरल्या मावशीकडे पहिलं केळवण झालं. सातव्या दिवशी काटा 68.1.

रडत आहारतज्ज्ञ मैत्रिणीला फोन केला. तिने आधी पोटभर हसून घेतलं. मग सांगितलं, की शरीर थोडी साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. उपाशी राहिलं की साठा संपतो, पाणीही जातं. "तू चरबी नाही, बहुतेक पाणी घटवलंस. मावशीने ते परत भरलं."

"मग लग्नापर्यंत किती?"

"तीन किलो."

मी दहा म्हटलं. मंडईत करतात तशी घासाघीस करून बघितली, सातवर आले, पाचवर आले. बाई तीनवरून हलली नाही. फार घाईने ओरबाडलंस तर स्नायू आणि केसही जाऊ शकतात, म्हणाली. केसांचं ऐकून मी गप्प झाले. कारण आमच्या एका ताईने महिनाभर नुसत्या सूपवर काढला होता. लग्नात कंबर मुठीएवढी दिसली, पण उपासमारीचे केस दोन-तीन महिन्यांनी गळतात. अल्बम घरी आला तेव्हा ताई मोरीच्या जाळीतून गुंतवळ काढत होती.

तर योजना अशी ठरली. दोन्ही जेवणांत पोळ्या दोनच, भात वाटीभर, पण उसळ, घट्ट वरण, अंडी किंवा पनीर यांपैकी काहीतरी हवंच. चारच्या चहाबरोबरची खारी बंद, मूठभर फुटाणे सुरू. आठवड्यातून तीनदा पाण्याचा पाच लिटरचा कॅन छातीशी धरून उठाबशा. (आई लांबून बघायची. शाळेतही हिला कधी एवढ्या पडल्या नव्हत्या, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असायचं.) वजन फक्त सोमवारी सकाळी करायचं आणि बेंबीशी टेप लावून पोटाचा घेर वहीत लिहायचा. पाळीच्या आठवड्यात काटा किलोभर वर गेला तर ते पाणी, घाबरायचं नाही. मी घाबरले. टेप मात्र कमीच दाखवत होती.

खरी लढाई केळवणांची. एकूण नऊ. त्या दिवशी उपाशी राहून जायचं नाही, कारण भुकेली नवरी म्हणजे यजमानीणबाईंना आंदण. दुपारी वरण-भाजी खाऊन जायचं, तिथे कोशिंबीर आणि उसळीपासून सुरुवात करायची आणि गोड एकच घ्यायचं, पण मनापासून. मोदक असेल तर तुपासकट. सर्वात मोठा शोध मला चौथ्या केळवणात लागला: रिकामं ताट म्हणजे निमंत्रण. ताटात अर्धी जिलबी शेवटपर्यंत राखून ठेवली की वाढणारीचा हात थबकतो. आत्याकडे तेही चाललं नाही. "अगं, ती थंड झाली" म्हणत तिने गरम जिलबी वाढली. त्या रात्री आम्ही दोघं तीस मिनिटं चालून घरी गेलो. साखरपुड्यानंतर पहिल्यांदा इतकं निवांत बोललो, ते पचनाच्या निमित्ताने.

लग्नाला दहा दिवस राहिले तेव्हा वजन 65.7, पोटाचा घेर चार सेंटिमीटरने कमी. मैत्रिणीने फर्मान काढलं: आता घटवणं बंद. नाहीतर शेवटचं माप चुकतं आणि होमासमोर चक्कर येते. आमच्या भावी अहोंनी शेरवानीसाठी दोन दिवस जेवण सोडून बघितलं होतं. हळदीच्या पाटावर ते असे पांढरे पडले, की हळद जरा जास्तच खुलून दिसली. मी लग्नाच्या सकाळी गुरुजींना विचारून केळं आणि राजगिऱ्याचा लाडू खाल्ला.

ब्लाउज काकूंनी दोन्ही बाजूंनी आत घेतलं. मी म्हटलं, "उरलेलं कापड कापूनच टाका." त्यांनी तोंडातली टाचणी काढली. "कापायचं नसतं. दीड इंच माया ठेवलीय आत."

लग्नानंतर सासरच्या मंडळींकडे जेवणं सुरू झाली. तिसऱ्या महिन्यात एका मुंजीला निघताना मी तेच ब्लाउज घेऊन दुकानात उभी राहिले. काकूंनी काही विचारलं नाही. कात्रीच्या टोकाने एकेक टाका उसवत, त्यांनी मला स्टूल पुढे केलं.